बेळगावच्या किल्ल्यातील पाट्या आणि पुरातत्त्व कार्यालयाला लिहायचे पत्र

पुरातत्त्व कार्यालयाला पर्यटकाने लिहिलेले पत्र एका वाक्याचे असू शकते: ‘किल्ल्यात माहितीफलक नीट नाहीत, कृपया योग्य ती कार्यवाही व्हावी.’ अशा पत्रावर आवक क्रमांक पडतो, ते एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते आणि उत्तरही एका वाक्याचेच येते: ‘आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.’ यात कुणी खोटे वागत नाही. कोणता फलक, कोणत्या जागी, कशासाठी आणि तो लावण्याचा अधिकार कुणाचा, हे त्या पत्रात नसते, म्हणून अधिकाऱ्याला टिपणी लिहायला काही हाती लागत नाही. पत्र उपयोगी व्हायचे तर या चार प्रश्नांची उत्तरे लिहिणाऱ्यानेच आधी शोधावी लागतात. बेळगावच्या भुईकोट किल्ल्याचे उदाहरण घेतले की हे प्रश्न किती गुंतलेले असतात ते दिसते.

किल्ला एक, कार्यालये अनेक

कोल्हापूरकडून निपाणी, संकेश्वर असा महामार्ग धरून आलेला प्रवासी बेळगावात शिरतो, तेव्हा किल्ला शोधायला त्याला डोंगर चढावा लागत नाही. शहराच्या पूर्व बाजूला, मध्यवर्ती बसस्थानकापासून जवळ, तलावाच्या पलीकडे तो पसरलेला आहे. सुमारे 100 एकरांचा लंबगोल आकार, भोवती रुंद खंदक, आत जाणारी वर्दळीची वाट आणि दाराशी दुर्गादेवी व गणपतीची देवळे. आत शिरल्यावर मात्र हा एकसंध किल्ला उरत नाही. कमल बस्ती हे जैन मंदिर आहे, शेजारी चिक्की बस्तीचे अवशेष आहेत, सफा मशीद आहे, आणि 1892 च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद वनाधिकारी हरिपद मित्र यांच्या ज्या घरी राहिले त्या जागी रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे. या सगळ्यांमध्ये लष्कराच्या ताब्यातील मोठा भाग येतो.

पत्र कुठे पाठवायचे हे या मांडणीवरून ठरते. केंद्राने संरक्षित केलेल्या वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे असतात. बेळगाव जिल्हा या खात्याच्या धारवाड मंडळात येतो आणि मंडळाचा प्रमुख अधीक्षक पुरातत्त्वविद असतो. कमल बस्तीजवळ माहितीफलक हवा असेल तर पत्र तिकडे जाते. राज्याने संरक्षित केलेल्या वास्तूंचा कारभार कर्नाटकाच्या 1961 च्या स्वतंत्र कायद्याखाली चालतो आणि त्याचे मुख्य कार्यालय म्हैसुरात आहे. लष्कराच्या जमिनीवर फलक लावायचा, तर पुरातत्त्व खात्याची इच्छा असूनही लष्कराची ना-हरकत लागते. शहरातल्या चौकात ‘किल्ला’ असे लिहिलेला बाणाचा फलक हा महानगरपालिकेचा किंवा बांधकाम खात्याचा विषय असतो, आणि महामार्गावरचा फलक महामार्ग प्राधिकरणाचा.

चुकीच्या टेबलावर पडलेले पत्र पुढे पाठवले जाते खरे, पण त्यात महिने जातात आणि अनेकदा मूळ मुद्दाच गळतो. पत्रात पाच सूचना असल्या आणि त्यांतल्या दोनच त्या कार्यालयाच्या हातातल्या असल्या, तर उरलेल्या तीन सूचनांमुळे या दोनही लांबतात, कारण पत्र ‘संबंधित विभागाशी विचारविनिमय करून’ या शेऱ्याखाली जाते. म्हणून एका कार्यालयाला एकच पत्र आणि त्यात त्याच्याच अखत्यारीतल्या जागा, ही पहिली शिस्त. त्यासाठी संरक्षित स्मारकांच्या प्रसिद्ध यादीत नेमके काय नोंदलेले आहे ते पाहावे लागते. यादीत वास्तूचे नाव असते. ‘किल्ला’ या शब्दाखाली सगळे येते असे गृहीत धरले की घोटाळा होतो. देऊळ संरक्षित असते, पण त्याच्याकडे नेणारी वाट वेगळ्याच खात्याची असते.

फलक तीन प्रकारचे

पर्यटकाच्या डोळ्यांना सगळ्या पाट्या सारख्याच दिसतात. खात्याच्या कारभारात त्यांचे प्रकार वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाचे काम वेगळे असते.

पहिला संरक्षण-सूचनेचा फलक. ही वास्तू 1958 च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष कायद्याखाली राष्ट्रीय महत्त्वाची आहे आणि तिची नासधूस करणाऱ्याला शिक्षा होईल, असे तो सांगतो. तो किती जुना आहे, हे त्याच्यावरच्या शिक्षेवरून ओळखता येते. मूळ कायद्यात शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी होती. 2010 च्या दुरुस्तीने ती दोन वर्षे आणि एक लाख रुपये झाली. एखाद्या स्मारकावर ‘पाच हजार रुपये’ असे लिहिलेला फलक दिसला तर तो दुरुस्तीपूर्वीचा आहे आणि कायद्याच्या दृष्टीने आता चुकीचा आहे. पत्रात हे निदर्शनास आणून देणे फार उपयोगी असते, कारण तो अभिरुचीचा मुद्दा नसतो. कायदेशीर मजकूर चुकलेला फलक बदलणे कार्यालयाला भागच असते. एकदा रंगारी आणि गवंडी त्या स्मारकावर आले की दुसऱ्या फलकाचे काम त्याच अंदाजपत्रकात बसवणे सोपे जाते.

दुसरा सांस्कृतिक माहितीचा फलक: वास्तू कुणाची, केव्हाची, तिच्यात काय पाहावे. पर्यटकाची तक्रार बहुतेक वेळा या फलकाबद्दल असते.

तिसरा दिशादर्शक. रस्त्यावरच्या फलकांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी 67 ही संहिता आहे. तिच्यानुसार पर्यटनस्थळांचे फलक तपकिरी पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत असतात. हिरवा किंवा निळा फलक गावाकडे नेतो, तपकिरी फलक स्मारकाकडे. किल्ल्याच्या आत, वाट फुटते तिथे उभा राहून ‘मंदिर डावीकडे की उजवीकडे’ असे विचारावे लागते, तेव्हा उणीव माहितीची नसून दिशेची असते. ‘फलक लावा’ या शब्दांत हा फरक दिसत नाही.

एका सालाचा हिशेब

माहितीफलकावर सगळ्यांत आधी साल येते आणि चुकाही तिथेच होतात. बेळगावच्या किल्ल्यासाठी 1204 हे साल वारंवार दिले जाते. सौंदत्तीच्या रट्ट घराण्याचा राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळात त्याचा अधिकारी बीच किंवा बीचिराज याने वेणुग्राम, म्हणजे आजचे बेळगाव, इथे जिनालय बांधले. त्या रट्ट जिनालयाला दिलेल्या दानाचे दोन शिलालेख बेळगावचे आहेत. ते आज बेळगावात नाहीत, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. कमल बस्तीपुढे उभ्या असलेल्या माणसाला हे सांगणारी एक ओळ, त्याने शेजारच्या भिंतीवर व्यर्थ शोधत बसण्यापेक्षा बरी.

लेखांत शक 1127, रक्ताक्षी संवत्सर, पौष महिना असा काळ आहे. घरोघरच्या पंचांगाची सवय असलेला माणूस शकात 78 मिळवतो आणि 1205 असे उत्तर काढतो. फलक लिहिणारा कारकूनही तेच करू शकतो, आणि मग एका फलकावर 1204, दुसऱ्यावर 1205 असा गोंधळ होतो. उलगडा संवत्सराच्या नावात आहे. संवत्सरांचे चक्र साठ वर्षांचे असते. 1984-85 हे वर्ष रक्ताक्षी होते. त्यातून साठाची तेरा आवर्तने, म्हणजे 780 वर्षे वजा केली की 1204-05 येते. याचा अर्थ लेखातला शक ‘चालू’ वर्षाचा आहे, ‘गत’ वर्षाचा नाही. गत वर्षे 1126 होतात आणि त्यांत 78 मिळवले की 1204 हेच साल मिळते. पौष महिना 1204 च्या अखेरीस येतो. फलकावर एवढे गणित लिहायची गरज नाही. ‘इ.स. 1204 (शक 1127, रक्ताक्षी)’ एवढे लिहिले तरी पुढच्या माणसाला तपासणी करता येते.

दुसरी चूक याहून मोठी आहे. 1204 हे मंदिराच्या लेखाचे साल आहे. ते आज दिसणाऱ्या तटाचे साल नाही. रट्टांनंतर किल्ला देवगिरीच्या यादवांकडे आणि पुढे विजयनगरकडे गेला. 1472 मध्ये बहमनी सेनापती महमूद गावान याने तो जिंकला. नंतर विजापूरच्या आदिलशाहीत तो असदखान लारी याच्याकडे आला आणि तटबंदीचे मोठे काम त्या राजवटीत झाले. सफा मशिदीची उभारणीही असदखानाची. 1686 मध्ये विजापूर पडल्यावर किल्ला मोगलांकडे गेला, मग मराठ्यांकडे, मध्ये काही काळ हैदर अलीकडे, आणि 1818 मध्ये थॉमस मन्रोच्या सैन्याने तीन आठवड्यांच्या वेढ्यानंतर तो पेशव्यांच्या शिबंदीकडून घेतला. ‘हा किल्ला 1204 साली बांधला’ असे एक वाक्य लिहिले की तटाकडे बोट दाखवून सांगितलेली ही सगळी सहाशे वर्षांची घडण पुसली जाते. पाहणारा आदिलशाही बुरुजासमोर उभा राहून तो रट्टांचा समजतो.

योग्य मजकूर वास्तूनुसार वेगळा लिहावा लागतो. दाराशी किल्ल्याच्या राजवटींचा थोडक्यात क्रम, कमल बस्तीजवळ 1204 आणि बीचिराज, मशिदीजवळ असदखान. सफा मशिदीच्या दोन खांबांवर नागरी लिपीत कन्नड लेख आहेत. एक 1199 मधला, चौथ्या कार्तवीर्याच्या काळचा. दुसरा 1261 मधला, यादव राजा कृष्ण याच्या काळचा. खांब मशिदीपेक्षा जुन्या इमारतीतले आहेत, हे या तारखांवरून स्पष्ट होते. फलकाने एवढेच सांगावे: लेख कुठे आहे, कोणत्या भाषेत आणि लिपीत आहे, कोणत्या वर्षाचा आहे. लेखात जे लिहिलेले नाही ते फलकाने जोडू नये, आणि जे आहे ते लपवूही नये. पत्रलेखकालाही हाच नियम लागू होतो. एखाद्या वास्तूच्या मालकीचा वाद पत्रात आणला, तर पत्र पाट्यांच्या कामाच्या फायलीतून निघून वादाच्या फायलीत जाते.

‘वर पाहा’

माहितीफलकाचा उपयोग सालापेक्षा नजर वळवण्यासाठी जास्त असतो. कमल बस्तीच्या मंडपाच्या छतात दगडात कोरलेले मोठे कमळ आहे आणि वास्तूचे नाव त्यावरून पडले आहे. त्याला 72 पाकळ्या आहेत: भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तीन काळांतले प्रत्येकी 24 तीर्थंकर. आत शिरणारा माणूस समोर नेमिनाथांच्या मूर्तीकडे पाहत पुढे जातो. छत डोक्यावर राहते. उजेडातून अंधाऱ्या मंडपात आल्यावर डोळे सरावायला थोडा वेळ लागतो, तोवर तो परत फिरलेला असतो.

अशा जागी इतिहासाचे चार परिच्छेद लिहून काम होत नाही. ‘मंडपात मध्यभागी थांबा आणि वर पाहा. डोळे अंधाराला सरावू द्या. कमळाच्या 72 पाकळ्या तीन चोविशी दाखवतात.’ एवढा मजकूर छत दाखवतो. पत्रात असा तयार मजकूर दिला तर अधिकाऱ्याला तो तपासणे, दुरुस्त करणे आणि मंजूर करणे सोपे जाते. मजकूर कार्यालयाने लिहावा अशी वाट पाहण्यापेक्षा हा मार्ग जवळचा.

शब्दांची मर्यादा घड्याळावरून काढता येते. उभा राहून वाचणारा माणूस मिनिटाला साधारण दीडशे शब्द वाचतो आणि उन्हात एका फलकापुढे मिनिटभरापेक्षा जास्त क्वचितच थांबतो. म्हणून एका भाषेत शंभर ते सव्वाशे शब्द पुरे. तीन भाषा असतील तर फलकावर चारशेच्या आसपास शब्द झाले, आणि हीच मोठ्या फलकाचीही सीमा. राजवटींची लांब यादी, अधिकाऱ्यांची नावे, उद्घाटनाची तारीख, असे काही घातले की याच शब्दांतून ते वजा होते.

चौथ्या भाषेचा प्रश्न

केंद्रीय खात्याच्या फलकांवर सर्वसाधारणपणे राज्याची भाषा, हिंदी आणि इंग्रजी असतात. बेळगावात त्या कन्नड, हिंदी, इंग्रजी होतात. निपाणी, चिकोडी, खानापूर आणि बेळगाव शहर या भागांत मराठी बोलणारे पुष्कळ आहेत आणि कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्गातूनही पाहुणे येतात. त्यामुळे मराठी मजकुराची मागणी स्वाभाविक आहे. ती कोणत्या आधारावर करायची, हे मात्र नीट पाहावे लागते.

भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्राने मान्य केलेल्या संरक्षणांत, एखाद्या भागात 15 टक्के किंवा अधिक लोक दुसरी भाषा बोलत असतील तर महत्त्वाच्या सरकारी सूचना व नियम त्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, असे तत्त्व आहे. ते सूचना व नियमांविषयी आहे. स्मारकावरच्या माहितीफलकाला ते आपोआप लागू होत नाही. म्हणून पत्रात हक्काची भाषा वापरल्यास ‘नियमात बसत नाही’ असे सहज उत्तर मिळते. भेट देणाऱ्यांची सोय हा आधार घेतला तर तसे उत्तर देणे अवघड जाते.

या भागात पाटी हा शब्द किती भारलेला आहे, हे बेळगावच्या दक्षिणेला असलेल्या राजहंसगडाच्या पायथ्याशी येळ्ळूर गावात दिसले. ‘महाराष्ट्र राज्य येळ्ळूर’ असा फलक न्यायालयाच्या आदेशानंतर 2014 च्या जुलैमध्ये प्रशासनाने काढला, ग्रामस्थांनी तो पुन्हा उभारला, तो पुन्हा काढताना पोलिसांनी लाठीमार केला. सीमाप्रश्नावर महाराष्ट्राने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. फलकाची भाषा बदला, अशी मागणी इथे कोणत्याही अधिकाऱ्याला राज्याच्या सीमेचा प्रश्न वाटू शकते. त्यामुळे पत्रात दोन गोष्टी पाळाव्यात. कन्नड मजकूर कमी करा किंवा खाली न्या, असे कुठेही सुचवू नये. आणि मराठी मजकूर मुख्य फलकावर दाटीने कोंबण्याऐवजी वेगळ्या लहान पट्टीवर, छापील पत्रकात किंवा मोबाइलने वाचायच्या क्यूआर चौकटीमागे ठेवावा, असा पर्याय द्यावा. हिंदीचा फलक देवनागरीत असल्यामुळे मराठी वाचकाची निम्मी अडचण तिथे सुटलेली असते. उरते ती शब्दांची. ‘बस्ती’ म्हणजे इथे जैन मंदिर, हे हिंदीच्या सवयीने वाचणाऱ्याला सांगावेच लागते, नाहीतर तो वस्ती समजतो.

पत्र मराठीत लिहिता येते का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर संविधानात आहे. अनुच्छेद 350 प्रमाणे, गाऱ्हाणे दूर करून घेण्यासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याला, केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. तरीही सोबत इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये अर्ध्या पानाचा सारांश जोडलेला बरा. भाषांतरासाठी पत्र अडून राहत नाही.

अक्षर, उंची आणि दगड

वाचता येईल असे अक्षर किती मोठे हवे, याचा साधा आडाखा आहे: दर दोन ते तीन मीटर अंतराला एक सेंटिमीटर उंची. वाट फुटते तिथला बाण वीस मीटरवरून वाचता यायचा असेल तर अक्षर सात ते दहा सेंटिमीटरचे लागते. दीड मीटरवरून वाचायच्या माहितीफलकाला अर्ध्या ते पाऊण सेंटिमीटरचे पुरते. देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजायची. वरची वेलांटी आणि खालचा उकार वेगळा. इंग्रजीसाठी आखलेल्या ओळींच्या अंतरात मराठी किंवा हिंदी मजकूर बसवला की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला चिकटतो, आणि हा दोष लांबून लगेच ओळखू येतो. कन्नडचे ओत्ताक्षर, म्हणजे खाली येणारे जोडाक्षर, तेवढीच जागा मागते.

सामग्रीचा प्रश्न बेळगावच्या पावसाशी जोडलेला आहे. पातळ पत्र्यावर चिकटवलेला छापील कागद किंवा प्लास्टिकचा थर उन्हाने फिका पडतो आणि पावसाळ्यात कडेने सुटतो. रंगवलेला लोखंडी फलक पायाशी गंजतो. कोरलेला दगड सगळ्यांत टिकाऊ, पण त्यात चूकही तेवढीच टिकते. 1205 कोरले गेले तर ते पन्नास वर्षे 1205 राहते. म्हणून दगडाची मागणी करण्याआधी मजकूर पक्का करून घ्यावा.

फलक कुठे रोवायचा यावर कायद्याचे बंधन आहे. केंद्रीय संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंतचा भाग प्रतिबंधित आणि त्यापुढचा 200 मीटरचा भाग नियंत्रित असतो. जुन्या भिंतीत खिळा किंवा पेच मारायचा नाही आणि परवानगीशिवाय खड्डा खणायचा नाही. जमिनीवर ठेवलेल्या जड दगडी बैठकीवर उभा केलेला फलक हा त्यातला निर्धोक उपाय. गडप्रेमी मंडळींनी वर्गणी काढून स्वतःच फलक आणून लावला, तर हेतू चांगला असूनही तो अनधिकृत ठरतो आणि काढावा लागू शकतो. वर्गणीची तयारी असेल तर तीही पत्रातच लिहावी आणि मंजुरीनंतर पैसे खात्याच्या ठरलेल्या मार्गाने द्यावेत.

पत्राचा नमुना

वरच्या सगळ्या मुद्द्यांचे पत्र साधारण पुढीलप्रमाणे होते. निरीक्षणाच्या जागी लिहिणाऱ्याने त्या दिवशी स्वतः पाहिलेले तेवढेच लिहायचे असते.

> प्रति,
> मा. अधीक्षक पुरातत्त्वविद,
> भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, धारवाड मंडळ, धारवाड.
>
> विषय: बेळगाव किल्ल्यातील कमल बस्ती येथील फलकांतील त्रुटी दूर करण्याबाबत.
>
> महोदय,
>
> मी दि. … रोजी सकाळी … ते … या वेळेत कमल बस्तीला भेट दिली. त्या वेळी आढळलेल्या त्रुटी व त्यावरील विनंती पुढे देत आहे. प्रत्येक जागेचे छायाचित्र आणि हाताने काढलेला नकाशा सोबत आहे. लष्करी हद्दीत छायाचित्र घेतलेले नाही.
>
> 1. संरक्षण-सूचनेचा फलक (नकाशात अ). त्यावरील शिक्षेचा मजकूर … असा आहे. 2010 च्या दुरुस्तीनंतरच्या तरतुदीशी तो ताडून पाहावा, ही विनंती.
>
> 2. वाट फुटते ती जागा (नकाशात आ). इथून मंदिर दिसत नाही. बाणासह ‘कमल बस्ती, … मीटर’ असा फलक हवा. ही जमीन अन्य खात्याची असल्यास त्या खात्याचे नाव कळवावे; मी त्यांना स्वतंत्र पत्र देईन.
>
> 3. मंडपाबाहेरील माहितीफलक (नकाशात इ). छतातील कमळाचा उल्लेख करणाऱ्या शंभर शब्दांच्या मजकुराचा मसुदा सोबत जोडला आहे. त्यातील सालाचा आधार शक 1127, रक्ताक्षी संवत्सराचा लेख हा आहे. मसुदा तपासून योग्य तो बदल करावा.
>
> 4. कन्नड, हिंदी व इंग्रजी मजकूर आहे तसाच ठेवून, मराठी वाचकांसाठी वेगळे पत्रक किंवा क्यूआर चौकट ठेवता येईल का, याचा विचार व्हावा.
>
> या पत्राचा आवक क्रमांक कळवावा, ही विनंती.
>
> आपला/आपली, …

पत्रात किल्ल्याच्या थोरवीवर एकही वाक्य नाही. ती अधिकाऱ्याला ठाऊक असते. चारच मुद्दे आहेत आणि प्रत्येकाला हो किंवा नाही असे उत्तर देता येते. दुसऱ्या मुद्द्यात जमीन कुणाची असा प्रश्न विचारल्यामुळे कार्यालयाला ती फाइल बंद करण्यासाठी निदान खात्याचे नाव तरी लिहून द्यावे लागते. ते नाव हाती आले की पुढचे पत्र योग्य टेबलावर पडते.

पत्रानंतर

पत्र टपालाने पोचपावतीसह किंवा ईमेलने पाठवता येते. केंद्र सरकारच्या तक्रार नोंदणीच्या pgportal.gov.in या संकेतस्थळावरही ते देता येते. तिथे एक खाच आहे. ही व्यवस्था गाऱ्हाण्यांसाठी आहे, आणि निव्वळ सूचना तिच्या कक्षेत धरल्या जात नाहीत. ‘फलक अधिक आकर्षक करावेत’ ही सूचना झाली, ‘फलकावरील शिक्षेचा मजकूर रद्द झालेल्या तरतुदीचा आहे’ हे गाऱ्हाणे. एकाच त्रुटीची ही दोन वर्णने आहेत, पण पहिले बंद होऊ शकते आणि दुसऱ्याला उत्तर द्यावे लागते. नमुन्यातल्या विषयाच्या ओळीत ‘सूचना’ हा शब्द टाळून ‘त्रुटी दूर करण्याबाबत’ असे लिहिले आहे ते यासाठी.

उत्तर आलेच नाही तर 2005 च्या माहिती अधिकार कायद्याचा अर्ज हा पुढचा टप्पा. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. त्यात ‘फलक का लावला नाही’ असे विचारू नये, कारण कारणे पुरवण्याचे बंधन कायद्यात नाही. अमुक आवक क्रमांकाच्या पत्रावरील टिपणीची प्रत, त्या स्मारकाच्या फलकांसाठी चालू वर्षात मंजूर झालेली रक्कम आणि काम कोणत्या टप्प्यावर आहे त्याची नोंद, असे कागद मागावेत. कागद मागितला की तो असतो किंवा नसतो. दोन्ही उत्तरांतून पुढची दिशा कळते.

वेळेचा अंदाजही वास्तव ठेवावा लागतो. कामे वार्षिक तरतुदीतून होतात आणि आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते. पावसाळ्यात बेळगावात बाहेरचे काम थांबते. दिवाळीच्या सुट्टीत किल्ला पाहून लगेच पाठवलेले पत्र पुढच्या वर्षाच्या मागण्या तयार होताना टेबलावर असते. मे महिन्यातल्या सहलीनंतर पाठवलेले पत्र चार महिने पाऊस थांबण्याची वाट पाहते.

फलक लागल्यानंतर एक पडताळणी उरते आणि ती पत्र लिहिणाऱ्यालाच करता येते. किल्ला कधीही न पाहिलेल्या एखाद्या माणसाला दाराशी सोडावे, काही न सांगता कमल बस्तीकडे जायला सांगावे आणि मागून चालावे. तो कुठे थबकला, कुणाला रस्ता विचारला, फलकापुढे किती वेळ उभा राहिला आणि मंडपात गेल्यावर त्याने मान वर केली का, हे टिपून घ्यावे. तो जिथे थबकला असेल, त्या जागेपुरते दुसरे पत्र लिहावे लागते.